पडदा आधी सपाट होता, हे विसरलं की काय होतं

प्रतिक्रिया: "हॉलच्या रेंडरमधल्या पडद्यावरची फुलं पन्हळी पत्र्यावर छापल्यासारखी दिसतात. गालिचाही फरशीवर चिकटवलेला स्टिकर वाटतो. टेक्स्चर ४के वापरलं असतं तर हे झालं नसतं."

दोन्ही चुका तुम्ही बरोबर हेरल्या आहेत, पण कारणाबद्दल माझं मत वेगळं आहे.

आधी ४केचं पाहू. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या त्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आहे आणि पडद्याच्या अंतरावर त्यात सुमारे चार मीटर भिंत दिसते. म्हणजे पडद्याच्या एका सेंटीमीटरला जेमतेम पाच पिक्सेल मिळतात. माझं २केचं, म्हणजे २०४८ पिक्सेल रुंदीचं टेक्स्चर २४ इंचांच्या नक्षीवर पसरलेलं आहे, त्यात सेंटीमीटरला तेहतीस पिक्सेल आहेत. तपशील आधीच गरजेपेक्षा जास्त होता. ४के लावलं असतं तरी फुलं तशीच दिसली असती.

खरी गडबड मापाची होती. खिडकी सहा फुटांची. पडदे शिवणाऱ्याकडे गेलात तर तो सहा फूट कापड कधीच घेणार नाही. चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे बारा फूट धरेल आणि ४८ इंच पन्ह्याचे तीन पन्हे जोडेल. नक्षी दर २४ इंचांनी परत येत असेल तर एका पन्ह्यात ती दोनदा बसते, पूर्ण कापडात सहा वेळा. हीच सहा फुलं शेवटी सहा फुटांत मावतात, म्हणून प्रत्येक फुलाचा काही भाग चुणीच्या आत जातो, काही बाहेर दिसतो. पाकळी एका चुणीच्या कडेवर अडकते आणि पुढच्या चुणीवर सुरू होते. आपल्या डोळ्याला कापड कापड वाटतं ते या तुटण्यामुळे.

मी मात्र तयार दुमडलेलं मॉडेल घेतलं आणि समोरून `Project from View` करून यूव्ही, म्हणजे नक्षीचा कुठला भाग मॉडेलवर कुठे बसेल याचा नकाशा, काढले. प्रोजेक्टरचा प्रकाश पडद्यावर पडावा तशी नक्षी त्यावर पडली. समोरून तीन फुलं, तिन्ही अखंड, एकही चुणीत न मोडलेलं. चुण्यांच्या बाजूंवर तेच रंग ओढले जाऊन रेघा झाल्या. पत्रा दिसला तो इथे. वर त्या मॉडेलच्या चुण्या छतापासून जमिनीपर्यंत एकाच खोलीच्या होत्या. खऱ्या पडद्यात चुण्या वर शिवणीशी शिस्तीत असतात आणि खाली येताना सैल होतात, एखादी शेजारणीत मिसळूनही जाते.

आता पडदा पुन्हा केला आहे, ब्लेंडरमध्येच. ३.६६ गुणिले २.४४ मीटरचं, म्हणजे बारा बाय आठ फुटांचं सपाट प्लेन घेतलं, `Ctrl+A` दाबून `Scale` लागू केलं आणि साधारण दोन सेंटीमीटरचे चौकोन पाडले. नक्षी या सपाट अवस्थेतच लावली: `Mapping` च्या `Scale` मध्ये आडव्यात ६, उभ्यात ४. मग वरची रांग `Pin Group` मध्ये घेऊन शेप कीने तिच्या चोवीस चुण्या घातल्या. प्रत्येक चुणीत सहा इंच कापड जातं आणि ती तीन इंच जागा घेते, त्यामुळे तिची खोली सुमारे अडीच इंच येते. साठ फ्रेममध्ये रांग सपाटीवरून चुण्यांवर येते आणि खालचं कापड सिम्युलेशनमध्ये स्वतःच पडतं. `Self Collisions` सुरू ठेवावं लागतं, नाहीतर शेजारच्या चुण्या एकमेकींतून आरपार जातात. सिम्युलेशन यूव्हीला हात लावत नाही, म्हणून नक्षी कापडाबरोबर आत वळते.

तुमच्याकडच्या मॉडेलवर तपासायचं असेल तर नक्षीच्या जागी चौकटींचं टेक्स्चर लावा. समोरून पाहताना चुणीच्या बाजूवरच्या चौकटी अरुंद दिसायला हव्यात. सगळ्या एकसारख्या रुंद दिसल्या तर कॅमेरा बाजूला नेऊन पाहा, तिथे लांबट पट्टे सापडतील.

गालिच्याला चुण्या नाहीत, तिथे चूक सोपी होती. गालिचा पाच बाय आठ फुटांचा आणि मी त्यावर चार बाय सहाचा फोटो ताणला होता. उभ्यात तो जास्त ओढला गेला आणि मधलं गोल पदक सुमारे सात टक्के लांबट झालं. एवढा फरक बोट ठेवून दाखवता येत नाही, तरी काहीतरी खटकत राहतं. आता पाच बाय आठच्याच गालिच्याचा फोटो घेतला आहे. स्टिकर वाटायचं मोठं कारण मात्र कड. जाडी शून्य असेल तर कडेखाली सावलीच पडत नाही, म्हणून बारा मिलिमीटर जाडी दिली. शिवाय हेअर पार्टिकलने लव उभी केली आणि ती एकाच दिशेला विंचरली. खऱ्या गालिच्याची लव एका बाजूला कललेली असते, त्यामुळे एका टोकाकडून तो फिकट दिसतो, दुसऱ्याकडून गडद. हे फोटोत रंगवून येत नाही, कारण कॅमेरा हलला की ते बदलायला हवं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. तीन पन्ह्यांच्या दोन जोडशिवणी मी दाखवलेल्या नाहीत. नक्षी जुळवून शिवलेल्या पडद्यात त्या चुणीत लपतात, पण खिडकीतून मागून ऊन आलं की दुहेरी कापडाची गडद उभी रेघ दिसते. सकाळच्या उन्हातलं रेंडर करण्याआधी त्या घालणार आहे.