पाणी पिणं आणि पाणी खाणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

कमी कॅलरीत पोट भरावं म्हणून जेवणाआधी सूप किंवा सॅलड घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: «सूप-सॅलड म्हणजे पाण्यानं पोट भरायचं थोतांड. त्यापेक्षा जेवणाआधी दोन ग्लास पाणी प्यावं, फुकटात काम होतं. तासाभरात भूक लागते ती लागतेच. आमच्याकडची माणसं भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काटक राहिली. तुम्ही शहरातली फॅडं बेळगावात आणू नका.»

‘थोतांड’ हा शब्द टाळता आला असता. पंधरा वर्षं आहारसल्ला देणं हेच माझं काम आहे आणि मतभेदाची मला सवय आहे. पण लेख वाचून तपशिलात चूक दाखवणं वेगळं आणि एका शब्दात निकाल लावणं वेगळं. एक चूक मात्र माझीच: अन्नातल्या तंतूंत कॅलरी नसतात, असं मी लिहिलं होतं. आतड्यातले जिवाणू काही तंतू आंबवतात, त्यातून ग्रॅममागे साधारण 2 कॅलरी मिळतात. ते वाक्य दुरुस्त करते.

आता दोन ग्लास पाण्याचं. याच्या जवळचा एक प्रयोग 1999 साली अमेरिकेत आहारसंशोधक बार्बरा रोल्स यांच्या गटानं करून पाहिला आहे. जेवणाआधी बायकांना कोंबडी-भाताचा एक पदार्थ दिला. एकदा नुसता, एकदा सोबत ग्लासभर पाणी, आणि एकदा तेच पाणी त्यात घालून केलेलं सूप. जिन्नस तेच, कॅलरी तेवढ्याच. सूप घेतलं त्या दिवशी पुढचं जेवण कमी गेलं. शेजारी पाणी ठेवून काही फरक पडला नाही. नुसतं पाणी जठरातून पटकन पुढे सरकतं. अन्नात मिसळलेलं पाणी त्या अन्नाबरोबर रेंगाळतं, जठर ताणलेलं राहतं. शिवाय डोळ्यांनाही वाटी भरलेली दिसते.

ऊर्जाघनता म्हणजे एवढंच: एका ग्रॅमला किती कॅलरी. तेलाला 9, शेंगदाण्याला साडेपाचच्या वर, ज्वारीच्या भाकरीला सव्वादोनच्या आसपास, भाताला सव्वा, काकडीला 0.15. माणूस रोज साधारण तेवढ्याच वजनाचं अन्न खातो. म्हणून ताटाचं वजन तेच ठेवून घनता उतरवली, तर उपाशी न राहता कॅलरी उतरतात.

एक सूप मोजून बघा. दुधी 150 ग्रॅम, टोमॅटो 100, मूगडाळ 15, तेल अर्धा लहान चमचा, पाणी पाव लिटर, चवीला आलं-जिरं. कुकरला शिजवून घोटा. अंदाजे 110 कॅलरी आणि पाचशे ग्रॅम, म्हणजे घनता 0.22. जेवणाआधी पंधरा मिनिटं घ्या. मग दोन भाकऱ्यांऐवजी एक (60 ग्रॅम पिठाची, 200 कॅलरी) आणि दोन मोठ्या चमच्यांऐवजी एक मोठा चमचा चटणी (80 कॅलरी) पुरते का बघा. पुरली तर 280 वाचले. सूपचे 110 वजा केले की निव्वळ 170. सूप पिऊन दोन्ही भाकऱ्या तशाच खाल्ल्या, तर उलट 110 वाढले. लोक फसतात ते इथंच. दुसरी चूक गाळण्याची: गाळलं की तंतू गाळणीत राहतात. लोणी, साय, मक्याचं पीठ घातलं तर घनता चढते.

कोशिंबिरीचं तेच. काकडी 150, टोमॅटो 75, कोबी 50, गाजर 25 ग्रॅम मिळून 60 कॅलरी होत नाहीत. त्यावर दोन मोठे चमचे दाण्याचा कूट आणि मोठा चमचाभर तेलाची फोडणी पडली की 300 होतात. त्याच गटानं 2004 मध्ये असंही मोजलं: हलकं सॅलड आधी घेतलं तर एकूण जेवण घटलं, चीज आणि तेलकट ड्रेसिंगचं घेतलं तर वाढलं. कूट एक लहान चमचा, फोडणी अर्धा लहान चमचा, एवढ्यातही चव लागते. मीठ वाढायच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटून ताटात ओघळतं.

तासाभरात भूक लागत असेल, तर सूपवरच जेवण भागवलेलं असणार. नुसत्या भाजीच्या सूपमध्ये प्रथिनं जवळजवळ नसतात. म्हणून त्यात डाळ हवी आणि पुढं भाकरी हवीच. भाकरी सोडा, असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा.

फॅडाबद्दल बोलण्यात मला रस नाही. दुधी, काकडी, कोबी आपल्याच बाजारात मिळतात.

एक मात्र सगळ्यांनी वाचा. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, वायू होतो. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणीही वाढवा. लहान मुलं आणि वजन उतरत चाललेली म्हातारी माणसं यांना हे ताट देऊ नका, त्यांचं पोट कॅलरी पुरण्याआधीच भरतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोलावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टोमॅटोचं सूप विचारूनच घ्यावं, त्यात पोटॅशियम असतं.