ऑटोट्रान्सफॉर्मर 24 व्होल्टला का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

"एवढा लहान आणि स्वस्त पडतो म्हणता, मग 24 व्होल्टच्या कंट्रोल सर्किटलाही तोच लावा की. आयसोलेशनचा तुम्ही उगाच बाऊ केलाय, फ्यूज असतोच ना."

अहो, ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये इनपुट आणि आउटपुट एकाच वाइंडिंगवरून घेतलेले असतात, दोन वाइंडिंगवाल्यात ते तारेने जोडलेले नसतात, आणि हे वेगळेपण म्हणजेच आयसोलेशन. पण 24 व्होल्टला तो फारसा लहान होतच नाही, तिथूनच सुरुवात करू. बचत दोन्ही व्होल्टेज किती जवळ आहेत त्यावर ठरते. 240 चे 200 करायचेत आणि लोड 10 अँपिअरचा आहे असं धरा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर 2000 व्हीए. इनपुटला 8.33 अँपिअर येतात आणि ते वरच्या 40 व्होल्टच्या वाइंडिंगमधून सरळ लोडला जातात, उरलेले फक्त 1.67 अँपिअर खालचं कॉमन वाइंडिंग देतं. म्हणजे कोअरमधून खरं काम होतं ते 40 गुणिले 8.33, साधारण 333 व्हीए, बाकी सगळं तारेतून आयतं गेलं! दोन वाइंडिंगवाल्याला पूर्ण 2000 व्हीएचा कोअर लागला असता, इथे सहाव्या भागात भागलं. जाड तार लागते पण वेढे थोडे, आणि जिथे वेढे जास्त तिथे तार बारीक, त्यामुळे तांबंही वाचतं.

आता तेच 24 व्होल्टला करून बघा. लोड 10 अँपिअर, म्हणजे 240 व्हीए, इनपुटला 1 अँपिअर, आणि कॉमन वाइंडिंगला 9 अँपिअर द्यावे लागतात. 24 गुणिले 9 म्हणजे 216 व्हीए. वाचले किती, तर दहा टक्के. एवढ्यासाठी आयसोलेशन सोडून काय गमावताय ते बघा.

कॉमन टोक न्यूट्रलला असेपर्यंत ठीक चालतं, पण कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले की त्या टोकावर जमिनीच्या तुलनेत 240 येतात आणि दुसऱ्यावर 216, आणि मीटर दोन टोकांमध्ये लावलात तर तो शांतपणे 24 दाखवतो. त्यात कोणी 24 आहे म्हणून उघड्या हाताने टर्मिनल धरलं तर फ्यूज काय करणार, तो अँपिअरवर उडतो, माणसाला मिलिअँपिअर पुरतात. कॉमन वाइंडिंग मध्येच तुटलं आणि लोड अगदी हलका असेल तर वरच्या वाइंडिंगमधून जवळपास पूर्ण 240 पुढे जाऊ शकतात, आणि तेव्हाही करंट वाढलेला नसल्याने फ्यूज गप्पच राहू शकतो, मग 24 ची कॉइल किंवा कार्ड जळालं की कळतं.

फ्यूजच्या भरवशावर अजून एक, वरच्या 240/200 च्या केसमध्ये इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, तोही सहाव्या भागावर येतो, म्हणजे शॉर्ट झाला तर करंट त्याच रेटिंगच्या दोन वाइंडिंगवाल्यापेक्षा खूप जास्त (सप्लायची स्वतःची इम्पीडन्स थोडं आवरते ते सोडा), तेव्हा फ्यूज तेवढा करंट तोडू शकणारा हवा.

तुमच्याकडचा कोणता आहे ते तपासायचं असेल तर सप्लाय बंद करा, बाहेरच्या सगळ्या तारा सोडवा आणि इनपुट-आउटपुट टोकांमध्ये ओहम बघा. थोडेसे ओहम दाखवले तर ऑटो आहे. ओपन दाखवलं तर वाइंडिंगं वेगळी आहेत, पण मधलं इन्सुलेशन धड आहे का ते मल्टिमीटर सांगत नाही, त्याला जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मेगर लावावा लागेल.