शिळ्या कॉफीबियांचे पैसे परत करावेत

महोदय,

आपल्याकडून मागवलेली चिकमगळूरच्या अरेबिका बियांची पाव किलोची पिशवी काल मिळाली आणि सलग तिसऱ्यांदा तोच मनस्ताप झाला. ‘मागणी आल्यावरच भाजतो’ असे आपण लिहिता. पिशवीवर मात्र भाजल्याची तारीख साडेचार महिन्यांपूर्वीची आहे, आणि तीही किमतीच्या चिकटपट्टीखाली अर्धी झाकलेली. ताज्या पुडीवर गरम पाणी ओतले की आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटून ती फुगते. ही पूड चिखलासारखी निपचित बसली आणि कपाला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. शिळा माल ताज्याच्या भावाने विकणे ही सरळ फसवणूक आहे. बदली पिशवी नको, पूर्ण रक्कम परत करावी. तारखेचे छायाचित्र सोबत जोडले आहे.