आमच्या आडनावातला ऱ्ह कोणाला खुपतो?

तीन संध्याकाळी गेल्या. एका अर्जापायी तीन संध्याकाळी! शेतीच्या योजनेचा अर्ज, बाबांच्या नावाचा, ३१ तारखेपर्यंत भरायचा. रोज सात वाजता मी फोन घेऊन अंगणात बसतो, कारण रेंज तिथेच येते. बाबा शेजारी बाजेवर सातबारा, पासबुक आणि आधारकार्ड मांडीवर घेऊन बसतात. आणि रोज साडेनऊला आई आतून विचारते, "झालं का रे बापा? का आजही नाई?" नाही झालं. आज मला हे लिहूनच टाकायचं आहे, कारण गावात ज्याला त्याला वाटतं की आपल्यालाच फोन चालवता येत नाही. मी अमरावतीला डिप्लोमा केला, दोन वर्षं पुण्यात वेबसाइटी बांधण्याचं काम केलं, मग घरचं वावर पाहायला परत आलो. मला जे जमत नाही ते साठीच्या काकाजींना कसं जमावं? चूक त्यांची नाही. चूक अर्ज बांधणाऱ्याची आहे, आणि ती नेमकी कुठे आहे ते मी दाखवतो.

आधी ते पान. पान फोनसाठी बांधलेलंच नाही. ब्राउझरला ही एक ओळ सांगावी लागते:

```
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

ही ओळ नसली की ब्राउझर समजतो की हे जुन्या पद्धतीचं, मोठ्या पडद्याचं पान आहे. तो पान ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग माझ्या फोनच्या ३६० मध्ये दाबून बसवतो. म्हणजे १६ चं अक्षर डोळ्यांना ६ चं दिसतं. एका ओळीची चूक, आणि त्यासाठी सगळ्या जिल्ह्यातले लोक दोन बोटांनी पान ताणत बसलेत. ताणलं की रकाना दिसतो, पण त्याचं नाव डावीकडे पडद्याबाहेर जातं. हा रकाना वडिलांच्या नावाचा की खातेदाराच्या? परत सरकवा, वाचा, परत या. तेवढ्यात कीबोर्ड उघडतो, अर्धा पडदा खातो आणि पान स्वतःहून उडी मारून भलतीकडेच थांबतं. पहिल्या संध्याकाळी बाबांचा खाते क्रमांक मी मोबाइलच्या रकान्यात भरला तो असाच.

लॉगिनच्या पानावर तर ताणणंही बंद करून ठेवलं होतं. का? कोणाचं काय बिघडत होतं? क्रोममध्ये सेटिंग्जच्या आत Accessibility मध्ये Force enable zoom म्हणून एक खूण असते, ती केली तेव्हा कुठे पान हललं. हे किती जणांना माहीत असणार? शेजारच्या वहिनींनी त्याच पानावर डोळे बारीक करून चार वेळा चुकीचा कॅप्चा टाकला आणि फोन ठेवून दिला.

मग गट क्रमांक. आमचा गट १२४/२अ. सातबाऱ्यावर असाच छापलेला आहे. अर्ज म्हणतो "सातबाऱ्याप्रमाणे भरा", आणि रकान्याला बोट लावलं की नुसत्या आकड्यांचा कीपॅड उघडतो. त्यावर अ नाही, भाषा बदलायची गोलाची कळही नाही. मी सातबाऱ्याप्रमाणे भरू कसं? शेवटी नोट्समध्ये लिहून तिथून चिकटवलं, तर रकान्याने चिकटवू दिलं नाही. खूप शोधल्यावर कळलं की पोटहिस्स्याचा वेगळा रकाना खाली आहे, दोन पडदे खाली, आणि तिथे पूर्ण कीबोर्ड येतो. पण तो आला मराठी. मी २ दाबला तर मराठी २ पडला, आणि खाली लाल अक्षरात "अवैध क्रमांक". कारण तपासणी 0 ते 9 एवढेच आकडे ओळखते. ५ आणि 5 आपल्यासाठी एकच, संगणकासाठी दोन वेगळी चिन्हं. अर्ज मराठीत, सूचना मराठीत, सातबाऱ्यावरचे आकडे मराठीत, आणि मराठी आकडा अवैध! मग गोल दाबा, इंग्रजी करा, ?123 दाबा, 2 टाका, ABC दाबा, गोल दाबा, मध्ये हिंदी येते, परत गोल दाबा, अ टाका. दोन अक्षरांच्या पोटहिस्स्यासाठी एवढा खटाटोप. दहाही मराठी आकडे इंग्रजी करून घेणं हे अर्ज बांधणाऱ्याचं पाच मिनिटांचं काम आहे. ते त्याने केलं नाही म्हणून आमच्या संध्याकाळी जातात.

ओटीपीचं थोडक्यात सांगतो. माझ्या फोनला २ जीबी रॅम. मेसेज पाहायला दुसरीकडे गेलो की मागचं पान फोन मेमरीतून काढून टाकतो. परत आलो की पान नव्याने उघडतं आणि भरलेलं सगळं कोरं. दुसरी संध्याकाळ यातच गेली. मसुदा जतन करायची सोय असती तर गेली नसती.

आणि आता मुख्य राग. आमचं आडनाव कुऱ्हाडे. त्यातला ऱ्ह काही अप्रूपाचा नाही. आमच्या मुलखाचं नावच वऱ्हाड आहे, अमरावती जिल्ह्यात कुऱ्हा नावाचं गाव आहे, गोऱ्हे आहेत, कऱ्हाळे आहेत. तर तिसऱ्या संध्याकाळी सगळे रकाने भरून झाले, शेवटी "खातेदाराचे नाव नोंदीशी जुळवा" हे बटण दाबलं आणि उत्तर आलं: नाव जुळत नाही.

मी पाहिलं. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. काना, मात्रा, उकार सगळं सारखं. बाबा म्हणाले, "अरे, हे त आपलंच नाव आहे न. काऊन नाई जुळत?" मला वाटलं शेवटी जागा सुटली असेल, कारण कीबोर्डाने सुचवलेला शब्द घेतला की तो मागे एक मोकळी जागा आपोआप टाकतो, आणि ती दिसत नाही. खोडून पाहिलं. तरी नाही. मग मी नोंदीच्या पानावरून बाबांचं नाव जसंच्या तसं उचललं आणि अर्जात चिकटवलं. या रकान्याने चिकटवू दिलं, आणि खाली लाल अक्षरं आली: "फक्त मराठी अक्षरे वापरा."

सरकारी नोंदीतलं नाव, मराठीतलं, उचलून चिकटवलं, आणि ते मराठी नाही म्हणे!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वऱ्हाडातला हा ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा अशी की ऱ हे स्वतंत्र अक्षर, U+0931, मग हलंत, मग ह. दुसरी जुनी तऱ्हा अशी की साधा र, हलंत, मग U+200D हे अदृश्य जोडचिन्ह, आणि मग ह. ते चिन्ह घातलं नाही तर र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पडद्यावर दोन्ही तऱ्हा हुबेहूब सारख्या दिसतात. पण मोजून पाहा: पहिल्या तऱ्हेने कुऱ्हाडे आठ चिन्हांचं, दुसऱ्या तऱ्हेने नऊ. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या संगणकावर पानाच्या मागचा कोड उघडला. त्यात हे होतं:

```
/^[\u0900-\u097F ]+$/
```

म्हणजे देवनागरीचा पट्टा आणि मोकळी जागा, एवढंच चालेल. अदृश्य जोडचिन्ह या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून नोंदीतलं नाव अर्जाच्या दारातच अडतं. माझ्या कीबोर्डावर र दाबून धरला की ऱ येतो, ते नाव दारातून आत जातं, पण नोंदीत जुनी तऱ्हा साठवलेली, म्हणून आत जाऊन जुळत नाही. जे जुळतं ते आत येऊ देत नाहीत, जे आत जातं ते जुळत नाही. वडिलोपार्जित जमीन, तीन पिढ्यांची फेरफार नोंद, आणि बाबा त्या जमिनीचे मालक आहेत की नाहीत हे न दिसणाऱ्या एका चिन्हावर अडलंय.

हे दुरुस्त करायला किती लागतं? जुळवण्याआधी दोन्हीकडच्या नावांवर ही एक ओळ चालवायची:

```
name.replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D").trim()
```

जुनी तऱ्हा नवी होते, शेवटची मोकळी जागाही निघते. आणि दारावरच्या तपासणीत \u200D ला परवानगी द्यायची, म्हणजे नोंदीतून उचललेलं नाव आत येतं. झालं. ज्याने हा अर्ज बांधला त्याने कुऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे यांतलं एकही नाव फोनवर टाकून पाहिलं नाही. विदर्भासाठी अर्ज काढता आणि वऱ्हाडातलं आडनाव टाकून पाहत नाही? कोणासाठी बांधला मग? टेबलावर मोठा पडदा, मोठा कीबोर्ड, चाचणीला एखादं साधं सोपं नाव, आणि "काम झालं" म्हणून सही.

मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीचा दोष नाही, तिला जे सांगायला दिलं तेच ती सांगत होती: "सर, स्पेलिंग चेक करा." मी तिला जोडचिन्ह समजावून सांगितलं. ती म्हणाली, तालुक्याच्या कार्यालयात जा.

आज बाबा तुरीची सोंगणी सोडून दारव्ह्याला गेले. मजूर वावरात, बाबा रांगेत. तिथे सांगितलं की ज्यांचं नाव जुळत नाही त्यांनी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र द्यावं. बाबांनी बाहेर टाइप करून घेतलं, तीनशे रुपये दिले, आणि संध्याकाळी तो कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर लिहिलंय की अर्जातील कुऱ्हाडे आणि नोंदीतील कुऱ्हाडे ही एकच व्यक्ती आहे. खाली बाबांची सही आहे. आता हा कागद स्कॅन करून त्याच अर्जात, त्याच फोनवरून, शेवटच्या पानावर चढवायचा आहे.