मामांचे दात

मामा सोसायटीचे अध्यक्ष. यंदा गणपतीचं निमंत्रण व्हिडिओतून द्यायचं ठरलं, पण कॅमेरा दिसला की मामांचा घसा बसतो. त्यांनी पासपोर्टचा फोटो आणि भाषणाचा कागद माझ्या हातात ठेवला. "फोटोवरून माणूस बोलतो म्हणे. बोलव मला."

बोलवणं सोपं. एआयच्या ॲपवर फोटो चढवायचा, मजकूर टाकायचा, आवाज निवडायचा. मजकुराचा आवाज होतो आणि त्या आवाजाच्या तालावर चेहरा हलतो. कागदावरचं "ता." हे तसंच "ता" म्हणून वाचलं गेलं, तेव्हा मी सगळीकडे "तारीख" लिहून काढलं. इथवर ठीक.

मग मामांनी तोंड उघडलं आणि मामी किंचाळल्या, "हे दात कुणाचे?"

पासपोर्टच्या फोटोत तोंड मिटलेलं असतं. आत काय आहे हे यंत्राला कुठून कळणार? ते अंदाजाने दात बसवतं. खऱ्या मामांचे पुढचे दोन केव्हाच गेलेत. या मामांना जाहिरातीतली बत्तिशी मिळाली होती. तीही स्थिर नाही. नीट बघितलं तर शब्दागणिक दातांच्या फटी सरकत होत्या.

त्यावर कडी म्हणजे बाप्पा. प, ब, म म्हणताना ओठ पुरते मिटावे लागतात, तेही क्षणभरच. यंत्र हालचाल गुळगुळीत करण्याच्या नादात तो क्षण खाऊन टाकतं, ओठ जवळ येतात आणि तसेच परततात. आणि आमचं निमंत्रण काय? "गणपती बाप्पा मोरया, मंडपात मोदक." मामी म्हणाल्या, "हे दाद्दा का म्हणतायत?" मी त्यांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं. बाप्पा! डोळे उघडले, पुन्हा दाद्दा. मामींच्या कानाला काही झालेलं नाही. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं: आवाज "बा"चा आणि ओठ "गा"चे असले की बऱ्याच जणांना "दा" ऐकू येतं.

शिवाय मान डोलायची, पण खांदे भिंतीला खिळलेले. चष्म्याची काडी कानाबरोबर ताणली जायची. "नम्र विनंती" म्हणतानाही भुवया तितक्याच आनंदी, कारण यंत्र आवाज ऐकतं, मतलब नाही.

शेवटी समोरून, उजेडात, दात दिसतील असा हसरा फोटो काढला. चौकट लहान ठेवली, वाक्यं तोडली, आणि मामांनी स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या आवाजात भाषण मोबाइलवर घेतलं. फरक पडला. दात मामांचे झाले, म्हणजे दोन कमी. बाप्पाही बराचसा बाप्पा झाला.

फक्त "सर्वांनी सहकुटुंब यावे" नंतर मामा थांबतात, मागे कुकरची शिट्टी होते, आणि मामा आ वासून ती वाजवतात. सोसायटीच्या ग्रुपवर तेवढाच तुकडा फिरतोय.