गॅस नव्हे, गुलमोहर

ताराबाई पार्कात गुलमोहराखाली गाडी लावली की सावली फुकट मिळते आणि सोबत पालाही. जुलै संपेपर्यंत गाडीत ओल्या पोत्याचा वास येऊ लागतो. पंखा चारवर ठेवला तरी हवा येते जेमतेम, आवाज मात्र पूर्ण. मग सल्ले येतात. "भावा, एसीचा गॅस संपलाय, भरून घे." गॅस कमी झाला की आधी थंडावा जातो, पण एवढं समजावेपर्यंत दुसऱ्याने आरशाला मोगऱ्याची डबी टांगलेली असते. आता पोतं आणि मोगरा, दोघांसोबत रंकाळ्याला फेरी मारायची.

मी आधी एक बटण दाबायला सांगतो, गाडीतलीच हवा फिरवायचं. ते दाबताच वारा जोरात सुटला आणि बाहेरची हवा घेताना पुन्हा मरगळला, तर चोर बाहेर आहे. दोन्हीकडे रडगाणंच असेल, तर आधी डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर बघा.

बाहेरचा चोर बसतो वायपरखालच्या काळ्या जाळीच्या आत. गॅरेजवाले तिला काउल म्हणतात. जाळीखाली पन्हळ असते. हवा तिथून पंख्याकडे जाते आणि पावसाचं पाणी टोकांच्या भोकांतून खाली उतरतं. पिंपळाचं पान जाळीवरच अडतं, पण गुलमोहराची बारीक पानं तिकीट न काढता आत शिरतात, कुजतात आणि भोकांत चिखलाचं बूच बसवतात. पाणी तुंबून पंख्याच्या तोंडापर्यंत चढलं की आधी फिल्टर भिजतो, मग डाव्या सीटपुढचं मॅटिंग. तिथे बसणारी व्यक्ती साधारणपणे घरचीच असल्यामुळे तक्रार लगेच पोहोचते.

खात्री करायला काचेच्या पायथ्याशी तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते पुढच्या चाकामागे लगेच ठिबकायला हवं. नाही ठिबकलं, तर थांबा. आणखी ओतलंत तर ते मॅटिंगलाच जाईल.

वायपर काढण्याआधी काचेवर त्यांच्या जागी चिकटपट्टी लावा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग वायपर काच सोडून बॉनेट पुसतो. वायपरचे नट काढा, प्लास्टिकच्या क्लिपांचं मधलं बटण पेचकसाने अलगद उचला. एक क्लिप तुटणारच, ती हिशोबात धरा. पाला हातानेच उचला. हवेच्या पाइपचा मोह टाळा, नाहीतर पानं थेट पंख्यात जाऊन फडफडत बसतात. भोकात मऊ नळी घाला, टोकदार तार नको. काही गाड्यांत तिथे रबरी झडप असते आणि ती फाटते.

भिजलेला कागदी फिल्टर उन्हात वाळवून परत बसवू नका, वास त्यातच मुरलेला असतो. नवा बसवताना त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेला ठेवा. मग एसी बंद, हीटर चालू, पंखा पूर्ण, काचा खाली, असा अर्धा तास, आणि मॅटिंग उचलून खालचा फोम दाबून बघा. फोम ओला राहिला तर वास परत येणार, मग डबी मोगऱ्याची असो वा चंदनाची.