‘दुधाचीच गोडी आहे गं’

*“कंडेन्स्ड मिल्क, इव्हॅपोरेटेड मिल्क, मिल्क पावडर: नावं तीन, माल एकच! सगळं आटवलेलं दूधच. कंडेन्स्ड मिल्कची गोडी दुधाची स्वतःची असते, वरून साखर नसते, त्यामुळे शुगरवाल्यांना बिनधास्त चालते. पावडरीत मात्र २६ टक्के फॅट, ती टाळा. बाळाला दूध कमी पडलं तर कपभर कोमट पाण्यात दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क, झालं दूध तयार! जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा 🙏”*

जास्तीत जास्त लोकांत माझी आत्याही आली. पंचवटीत राहते, वय एकाहत्तर, डायबेटिसच्या गोळ्या चालू. कोजागिरीला तिच्या गच्चीवर गेलो तर मसाला दूध तयार होतं आणि ती कौतुकाने सांगत होती, “या वर्षी साखरेचा दाणा नाही घातला. दुधाचीच गोडी आहे गं.” ओट्यावर कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा पालथा पडलेला. दोन लिटर दुधात अख्खा डबा गेला होता आणि आत्याचे दोन कप पिऊन झाले होते.

मी बरीच वर्षं घरून बासुंदी, कुल्फी आणि केकच्या ऑर्डरी घेते. हे तिन्ही डबे माझ्या फडताळात शेजारी शेजारी असतात. त्यामुळे हा मेसेज वाचून हसू यायला हवं होतं, पण त्या दोन कपांमुळे आलं नाही.

आधी गोडीचं बघू, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे. आत्याचा डबा मी उचलला. पोषणमूल्यांच्या कोष्टकावरच दुकानदाराने किमतीची चिठ्ठी डकवलेली, ती नखाने खरवडून काढली. १०० ग्रॅमला एकूण साखर ५५ ग्रॅम, त्याखालच्या ओळीत ‘अ‍ॅडेड शुगर्स’ ४४ ग्रॅम. प्रथिने साडेसात, फॅट साडेआठ. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तो माल डब्यात सगळ्यात जास्त. एकूण साखर आणि घातलेली साखर वेगवेगळी छापायची, असं एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमात आहे. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला डबा नुसता फिरवून बघायचा होता. तेवढंही जमलं नाही.

आता कोजागिरीचा हिशोब. डबा ४०० ग्रॅमचा, त्यात घातलेली साखर ४४ च्या चौपट म्हणजे १७६ ग्रॅम. दोन लिटर दूध आणि हा डबा मिळून बारा कप झाले. एका कपात जवळजवळ १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे. आत्याच्या दोन कपांत सहा. दुधाची स्वतःची साखर यात धरलेलीच नाही, ती आणखी वेगळी. जी बाई चहात अर्धा चमचा पडला तरी सुनेवर डोळे वटारते, तिने सहा चमचे ‘दाणा नाही घातला’ म्हणत पिऊन टाकले.

घातलेल्या साखरेची ओळ पुसली असेल, डबा जुना किंवा परदेशातून आणलेला असेल, तर मी एक साधी वजाबाकी करते. दुधात प्रथिनं जेवढी, त्याच्या फार तर दीडपट दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज असतं. पाणी कितीही उडवा, हे प्रमाण हलत नाही, कारण दोन्ही मागेच राहतात. आत्याच्या डब्यात प्रथिने साडेसात, दीडपट धरलं तर लॅक्टोज ११ च्या आसपास. एकूण साखर ५५ आहे, मग उरलेली ४४ कुठून आली? पोत्यातून. बिनसाखरेच्या इव्हॅपोरेटेड दुधात १०० ग्रॅमला प्रथिने ७ च्या आत आणि साखर १० च्या आसपास, हिशोब जुळतो. साध्या फुल क्रीम पावडरीत प्रथिने २६, साखर ३८, तिथेही जुळतो. म्हशीच्या दुधाचा माल असेल तर लॅक्टोज दीडपटीपेक्षा कमीच भरतं. म्हणून आकडा खाली आला तर शंका घेऊ नका. दीडपटीच्या बराच वर गेला की मात्र साखर घातलेली आहे असं समजा.

ती साखर कंपनीने चवीपुरती घातलेली नसते. कंडेन्स्ड मिल्क टिकतं ते साखरेवरच. डब्यात पाणी उरतं पाव हिश्शाहून थोडं जास्त आणि साखर त्याच्या दीडपटीहून अधिक. एवढ्या घट्ट पाकात जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही, म्हणून डबा बंद केल्यावर तो उकळून निर्जंतुक करावा लागत नाही. आपल्या मोरंब्याचं तत्त्व तेच. इव्हॅपोरेटेड दुधात साखर नसते, म्हणून ते डब्यात भरून, सील करून ११५ ते १२० अंशांवर तापवावं लागतं. त्याला तो किंचित पिवळट रंग आणि भाजलेल्या दुधाचा वास येतो तो तिथून. उघडल्यावर ते साध्या दुधासारखंच नासतं, फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवायचं. कंडेन्स्ड मिल्क मात्र काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर बरेच दिवस राहतं. दोन्ही एकच माल असता तर हा फरक पडला असता का?

दूध आटवलं की गोड लागतं हे मी नाकारत नाही. बिनसाखरेची बासुंदी चाटून बघितली तर जिभेला कळतं. पण लॅक्टोजची गोडी आपल्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची. नुसतं दूध आटवून कंडेन्स्ड मिल्कइतकं गोड करायला जाल तर गोडी येण्याआधी लॅक्टोजचे खडे पडतील आणि दाताखाली वाळू आल्यासारखं लागेल.

नावाच्या बाबतीतही मेसेजवाल्याला थोडी सूट देते, नाइलाजाने. आपल्याकडच्या जुन्या अन्नभेसळ नियमांत इव्हॅपोरेटेड मिल्कला ‘कंडेन्स्ड मिल्क अनस्वीटन्ड’ असंच म्हटलेलं होतं. त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. मग नाव पूर्ण वाचायचं. ‘स्वीटन्ड’ असेल तर साखरेचा, ‘अनस्वीटन्ड’ किंवा ‘इव्हॅपोरेटेड’ असेल तर बिनसाखरेचा. घरात असतील तर डबे कानाशी धरून हलवा. इव्हॅपोरेटेड डुचमळतं, कंडेन्स्ड मधासारखं गप्प बसतं. इव्हॅपोरेटेडच्या यादीत दुधासोबत एखादा फॉस्फेट किंवा कॅराजीनन दिसेल. तापवताना दूध फुटू नये, थर वेगळे होऊ नयेत म्हणून ते असतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

आता बाळाचं. मला खरा राग या ओळीचा आला, कारण आत्याच्या खालच्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे आणि आत्याने हा मेसेज त्याच्या आजीला ‘उपयोगी पडेल’ म्हणून पाठवला होता. पोह्याचे दोन चमचे म्हणजे साधारण ४० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. कपभर पाण्यात त्यातून साखर जाते २२ ग्रॅम, प्रथिने ३, फॅट साडेतीनच्या आत. गायीच्या कपभर दुधात साखर १० ग्रॅमच्या आत, प्रथिने साडेसहा, फॅट ७. म्हणजे साखर दुपटीहून जास्त आणि अंगाला लागणारं सगळं निम्मं. ते पांढरं दिसतं, गोड लागतं, बाळ चुपचाप पितं, आणि आजीला वाटतं पोट भरलं.

हे आजचं नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरमध्ये जाहीर भाषणात हेच सांगितलं होतं. आईच्या दुधाऐवजी गोड कंडेन्स्ड मिल्क देऊन बाळं दगावतात, आणि अशा चुकीच्या प्रचाराला खून म्हणायला हवं, इतक्या स्पष्ट शब्दांत. कुपोषणातल्या ‘क्वाशिओरकर’ला वैद्यकात नाव मिळालं ते यांच्यामुळेच, त्यामुळे बाई काय बोलत होत्या हे त्यांना माहीत होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध, आणि ते खरंच पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून ठरवायचं. साधं गायीचं दूधही त्या वयाला नाही, मग हे पाणी कुठलं?

पावडरीच्या २६ टक्के फॅटबद्दल फार लिहीत नाही. आकडा खरा आहे, पण तो कोरड्या पावडरीचा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या मानकात फुल क्रीम पावडरीला किमान २६ टक्के दुधाचं फॅट लागतंच. ग्लासभर दुधाला पावडर लागते २६ ग्रॅम, त्यात फॅट येतं सात ग्रॅमच्या आत, म्हणजे साध्या ग्लासभर दुधाइतकंच. ‘स्किम्ड’ लिहिलेल्या पावडरीत फॅट दीड टक्क्याच्या वर चालत नाही. पण फॅट काढलं की बाकीच्यांचा वाटा वाढतो, म्हणून तिच्या कोष्टकात साखर ५० च्या वर दिसते. प्रथिने ३६ असतात, वजाबाकी करून बघा, ती सगळी लॅक्टोज आहे. लॅक्टोजही रक्तात साखर म्हणूनच जातं, तेव्हा ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे शून्य साखर असं आत्याने पुढच्या कोजागिरीला समजू नये.

पावडरीत फसायचंच असेल तर फॅटमध्ये नाही, नावात फसाल. ‘डेअरी व्हाइटनर’ ही दुधाची पावडरच दिसते, पण बऱ्याच ब्रँडमध्ये तिच्यात साखर घातलेली असते. प्रथिने २० आणि साखर ५० असेल तर दीडपटीने लॅक्टोज ३०, वरचे २० साखरेचे. आणि ‘क्रीमर’ लिहिलेला डबा दिसला, यादीत पाम तेल किंवा वनस्पती फॅट दिसलं, तर फॅटचा आकडा दुधासारखा असला तरी ते फॅट दुधाचं नाही. असा एक डबा मी एकदा घाईत उचलला होता. रबडीला दुधाचा वासच आला नाही, दोन किलो माल घरच्यांनी आठवडाभर संपवला.

खालच्या आजींना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “डबा आणलाय, पण अजून उघडला नाही.” सुनेने तो माझ्याच हातात दिला. आत्याने दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोष्टकाचा फोटो टाकला, खाली लिहिलं: ‘साखर ४४. मी दोन कप प्यायले. कोणी हसू नये.’